चुकीच्या किमतीत आलेली ऑर्डर: रद्द करा, पण कारण खरं सांगा

प्रश्न: ऑनलाइन एक वस्तू नेहमीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात दिसली म्हणून मागवली. पैसे कापले गेले, मेलही आला. आता विक्रेता म्हणतो किंमत चुकून पडली आणि ऑर्डर रद्द करतोय. असं करता येतं का? आणि खरं तर दोघांनी काय करायला हवं?

करता येतं, बहुतेक वेळा. पण ते कोणत्या तोंडाने केलं यावर पुढचं सगळं ठरतं, आणि हे मी विक्रेत्याच्या खुर्चीत बसून शिकलोय.

मी आणि माझा मेहुणा भागीदारीत छोटे यांत्रिक सुटे भाग ऑनलाइन विकायचो. त्यात ६०८ नंबरचं बेअरिंग बरं चालायचं, दहा नगांचा बॉक्स. आमच्या हिशेबाच्या शीटमध्ये भाव होता प्रति नग आणि साइटवर लिस्टिंग होतं प्रति बॉक्स. एरवी मी हाताने दहाने गुणून टाकायचो. त्या रात्री पन्नासेक वस्तूंचे भाव एकदम बदलायचे होते, म्हणून शीटच सरळ अपलोड केली. म्हणजे बॉक्सवर एका नगाचा भाव लागला. चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो, कारण मेहुणा हे वाचणार आहे.

सकाळी साडेआठला बघतो तर ४१ ऑर्डरी. एरवी दिवसाला चार-पाच बॉक्स जायचे. पहिली दोन मिनिटं मी खूश होतो, हेही खरं. मग नगांचा रकाना पाहिला. ३८ जणांनी एक किंवा दोन बॉक्स घेतले होते, सगळे मिळून ४६. उरलेल्या तिघांनी अनुक्रमे २०, २५ आणि ६०. साठवाल्याने ऑर्डरच्या शेऱ्यात लिहिलं होतं, ‘प्रत्येक बॉक्समध्ये दहा नग असल्याची खात्री करूनच पाठवा.’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘दाजी, सगळं उडवा. स्टॉक संपला म्हणून टाका, विषय संपला.’ मी म्हटलं, अरे, भाव चुकला असं सांगू, माफी मागू, आणि ज्याला हवा त्याला एक बॉक्स खरेदीच्या भावात देऊ. हिशेब सोपा होता. एका नगाचा विक्रीभाव एक धरा. बॉक्स विकायचा दहाला, आम्हाला पडायचा सातला, म्हणजे बॉक्समागे तीन सुटायचे. चुकलेल्या भावात दिला तर सहाचा खड्डा. छोट्या ऑर्डरींचे ४६ बॉक्स तसेच पाठवले असते तर २७६ गेले असते, ते भरून काढायला ९२ बॉक्स नेहमीच्या भावात विकावे लागले असते. तीन आठवड्यांचा धंदा. तेवढं मीही म्हणत नव्हतो. सातला दिला असता तर तोटा शून्य आणि माणसं टिकली असती.

पण आमची वादावादी चालू असतानाच त्याने लॅपटॉपवरून सगळ्यांना एकसाथ मेसेज सोडला. ‘स्टॉक संपल्यामुळे ऑर्डर रद्द करण्यात येत आहे.’ आणि संध्याकाळी त्यानेच तेच बेअरिंग योग्य भावात परत चढवलं. उपलब्ध: १५०.

लोक आंधळे नसतात. रात्री आठच्या आत दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावलेलं पहिलं परीक्षण पडलं. एकदोन बॉक्सवाली साधी माणसं, ज्यांना ‘भाव चुकला हो’ म्हटलं असतं तर बहुतेकांनी ‘वाटलंच होतं’ म्हणून सोडून दिलं असतं, ती चिडली, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण एका दिवसात वाढल्याने आमचं लिस्टिंग शोधात कुठल्या कुठे खाली गेलं ते वेगळंच.

खरी गंमत साठवाल्याची. त्याने वकिली भाषेत मेल पाठवला, की करार झालाय, माल द्या नाहीतर बाजारभावातला फरक द्या. मी एका ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी शेऱ्यातलं ते वाक्य वाचलं आणि म्हणाल्या, ‘हे तर तुमच्या फायद्याचं आहे. एका नगाच्या भावात दहा मिळतायत हे त्याला माहीत होतं.’ मग आमचा मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. आम्ही लेखी कारण दिलं होतं स्टॉकचं. आता भाव चुकला म्हणायचं तर आधी खोटं बोललो हे कबूल करा. आणि स्टॉकचं धरून बसायचं तर संध्याकाळचे १५० बॉक्स समोर दिसतायत.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण कायद्याचं सगळं इथेच अडकलेलं असतं. इंग्लिश कायद्याच्या वळणाने जाणाऱ्या देशांत साइटवर लावलेली किंमत हा प्रस्ताव मानला जात नाही, ते फक्त ‘या, मागणी नोंदवा’ असं आमंत्रण. ऑर्डर हा तुमचा प्रस्ताव, आणि विक्रेत्याने ती स्वीकारली की करार. म्हणून मेलमध्ये काय लिहिलंय ते बघा. ‘ऑर्डर मिळाली’ ही नुसती पोच असते. ‘ऑर्डर स्वीकारली’ किंवा ‘माल रवाना केला’ असं असेल तर विक्रेत्याला मागे फिरणं अवघड. पैसे कापले गेल्याचंही तसंच. पुष्कळदा कार्डावर रक्कम नुसती अडवून ठेवलेली असते, खरी वळती माल निघताना होते. बँकेच्या नोंदीत ती प्रलंबित दिसते का ते पाहा.

पण स्वीकार झाला तरी खेळ संपत नाही. सिंगापूरचं एक प्रकरण यात सगळीकडे सांगितलं जातं. जानेवारी २००३ मध्ये सरावासाठी भरलेला खोटा आकडा चुकून डिजिलँडमॉल नावाच्या कंपनीच्या चालू साइटवर गेला. ३,८५४ सिंगापूर डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला दिसू लागला. चूक लक्षात येईपर्यंत ७८४ लोकांनी १,००८ ऑर्डरींमधून ४,०८६ प्रिंटर मागवले होते. त्यातले सहा जण कोर्टात गेले. त्या सहांचेच १,६०६ प्रिंटर होते. कोर्टाने स्वयंचलित मेलमुळे करार झाला नाही असं म्हटलं नाही. म्हटलं ते वेगळंच: ही चूक आहे हे या लोकांना कळलं होतं आणि कळून त्यांनी ती लुटायचा प्रयत्न केला, म्हणून तो करार टिकत नाही. त्यांनी इतर साइटवर खरा भाव शोधला होता, रात्री एकमेकांना कळवलं होतं, आणि संख्या तर बोलतच होती. २००५ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं.

म्हणजे विक्रेत्याचा सगळा बचाव ‘चूक होती आणि समोरच्याला ती दिसत होती’ यावर उभा असतो. तो बचाव पहिल्याच मेसेजमध्ये खरा लिहून ठेवायचा असतो. मेहुण्याने तोच स्वतःच्या हाताने फेकून दिला, आणि आजही म्हणतो, ‘तेव्हा कुणाला माहीत होतं.’ मला माहीत होतं. कायदा नव्हता माहीत, पण खोटं कारण अंगाशी येतं एवढं माहीत होतं.

आता विक्रेत्यांसाठी थोडं. किंमत दुरुस्त करायची घाई पहिली नको. लिस्टिंग ‘अनुपलब्ध’ करा, डिलीट करू नका; आधी त्याचा स्क्रीनशॉट, अपलोड केलेली फाइल आणि वेळ जपून ठेवा, कारण चूक कशी झाली हे दाखवायला तेवढंच उरतं. मग धावत जाऊन पॅकिंग थांबवा. आमच्या ऑर्डरी आपोआप लेबल छापायच्या, त्यामुळे मी फोनवर भांडत होतो तोवर सहा पार्सलं कुरिअरने उचललीही. ती परत मागायच्या फंदात आम्ही पडलो नाही. जाहिरातीही बंद करा. तुलना करणाऱ्या साइट तुमची यादी दिवसातून एखाद्याच वेळी वाचत असतील, तर दुरुस्तीनंतरही तासन्‌तास जुना भाव तिथे झळकत राहतो आणि लोक येत राहतात. आणि निरोप त्याच दिवशी. चार दिवसांनी ‘चूक झाली’ म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवेल?

ग्राहकाने जास्त काही करायचं नसतं. वस्तूचं वर्णन, नगांची संख्या आणि मेल जपून ठेवा, पैसे कोणत्या तारखेला परत येणार ते लेखी विचारा. आणि किंमत विचित्र वाटली तर ऑर्डरीआधी एक ओळ विचारून टाका. विचारून हो म्हणाले तर तुमची बाजू एकदम भक्कम.

हां, हे सगळं दहावा हिस्सा वगैरे उघड चुकीला लागू. वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी दिसलं तर ते सेलसारखंच दिसतं. तिथे ग्राहकाला चूक कळायचं कारण नाही आणि विक्रेत्याने मुकाट माल द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय देशोदेशी नियम वेगळे. जर्मनीत २,६५० युरोचा लॅपटॉप सॉफ्टवेअरच्या गडबडीने २४५ ला गेला, माल पोचलासुद्धा, तरी २००५ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने विक्रेत्याला करार मागे घेऊ दिला. तिथे ग्राहकाला चूक माहीत असण्याची अट नाही, पण विक्रेत्याने कळल्या कळल्या सांगायला हवं, आणि भरवसा ठेवून ग्राहकाचं काही नुकसान झालं असेल तर ते भरून द्यावं लागू शकतं. तेव्हा आपल्याकडचं आपल्याकडच्याच वकिलाला विचारा.

साठवाल्याशी शेवटी पाच बॉक्स खरेदीभावात देऊन मिटलं. म्हणजे मी पहिल्या दिवशी सगळ्यांना जे द्यायचं म्हणत होतो, तेच एकाला पाचपट दिलं, वर वकीलबाईंची फी. शीटमध्ये ‘नग’ आणि ‘बॉक्स’ असे दोन वेगळे रकाने मी दुसऱ्याच दिवशी केले, आणि भाव खरेदीच्या खाली गेला की ओळ लाल होते.

तुम्ही किती नग मागवले ते प्रश्नात लिहिलेलं नाही. एक मागवला असेल तर विक्रेत्याला खुशाल खडसावा, निदान खरेदीभावात तरी द्या म्हणा. वीस असतील तर पैसे परत घ्या आणि गप्प बसा.