एका युनिटमागे किती कार्बन? मुंबईतल्या घराचा वर्षाचा हिशेब

प्रश्न: मुंबईत दोन बीएचकेमध्ये राहतो. विजेच्या एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड धरायचा? कुठे ०.४ किलो लिहिलंय, कुठे ०.८२, कुठे जवळपास १. घरातल्या उपकरणांचा वर्षाचा हिशेब कसा लावू?

उत्तर: युनिटमागे ०.८ किलो धरा. आता हा आकडा कुठून आला ते सांगतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडची सरासरी काढतं. २०२३-२४ साठी ती युनिटमागे ०.७२७ किलो होती. तुम्हाला दिसलेला ०.८२ हा याच प्राधिकरणाचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा आकडा आहे, जुन्या लेखांतून अजून फिरतोय. एकच्या जवळ जाणारा आकडा नुसत्या कोळशाच्या केंद्रांचा. आणि ०.४ च्या आसपासचे आकडे बहुधा परदेशी कॅल्क्युलेटरमधून आलेले असतात, ते आपल्या कामाचे नाहीत.

पण ०.७२७ हा आकडा वीज केंद्राच्या दारातला आहे. तिथून तुमच्या स्विचपर्यंत येताना तारांमध्ये, ट्रान्सफॉर्मरमध्ये थोडी वीज गळते. मुंबईत ही गळती देशाच्या मानाने कमी आहे, म्हणून मी दहा टक्के धरतो. म्हणजे ०.७२७ × १.१, झाले ०.८.

"पण आमची कंपनी खोपोली-भिऱ्याची जलविद्युत घेते, ट्रॉम्बेची घेते," असं कुणीतरी म्हणतंच. तारेतली वीज कंपनी बघून वेगळी होत नाही, सगळा देश एकाच ग्रिडवर आहे. जादा दर भरून हरित वीज घेत असाल तर तो हिशेब वेगळा मांडा, पण दोन्ही पद्धती एकाच बेरजेत मिसळू नका.

आता घर. आधी बारा महिन्यांच्या बिलांतली युनिट्स जोडा. समजा बेरीज २,६४० आली. गुणिले ०.८, म्हणजे वर्षाला सुमारे २.१ टन. एकूण आकडा एवढ्यातच मिळतो. खरी मजा तो कुठे जातो हे शोधण्यात आहे.

बहुतेकांचा संशय एसीवर असतो. त्याच्या लेबलवरची वार्षिक युनिट्स १,६०० तासांसाठी असतात. लेबलवर ९६० असतील तर तासाला ०.६. उन्हाळा आणि ऑक्टोबर हीट मिळून हजार तास चालला, तर ६०० युनिट्स, म्हणजे ४८० किलो. प्रत्यक्षात थोडं जास्तच धरा, कारण एसी रात्री चालतो आणि रात्री ग्रिडवर सौर वीज नसते, कोळशाचा वाटा वाढतो.

आता पंखे. मुंबईत पंखा बंद होतो तो जानेवारीतल्या काही पहाटेच! जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास, वर्षातले ३४० दिवस चालला तर ३०६ युनिट्स होतात. असे तीन पंखे म्हणजे ९१८ युनिट्स, ७३४ किलो. एसीपेक्षा दीडपट! तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी असते तर ३६७ युनिट्समध्ये भागलं असतं. वर्षाला ४४० किलोची बचत, म्हणजे जवळजवळ एसीच बंद ठेवल्यासारखं. उरलेल्यात फ्रिज आणि गिझर हे दोन मोठे, बाकी टीव्ही, राउटर, वॉशिंग मशीन, दिवे किरकोळ.

तुमची बेरीज बिलापेक्षा बरीच जास्त येत असेल तर तास फुगवलेत, कमी येत असेल तर काहीतरी सुटलंय (बहुधा चोवीस तास चालू असलेला सेट-टॉप बॉक्स किंवा म्हातारा फ्रिज). शंका असेल तर मीटरच विचारा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ३,२०० लुकलुकींना एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच पंखा फुल स्पीडला लावा. ७५ वॅटचा असेल तर मिनिटाला चार वेळा लुकलुकेल. पाच मिनिटं मोजा आणि सरासरी काढा. फ्रिजला ही युक्ती चालत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. त्यासाठी प्लगमध्ये लावायचा मीटर चोवीस तास ठेवावा लागतो.

आणि सोसायटीचा मीटर विसरू नका. लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि टाकीवर पाणी चढवणारा पंप तुमच्या बिलात दिसत नाहीत, मेंटेनन्समधून जातात. चोवीस घरांच्या इमारतीत महिन्याला १,२०० युनिट्स लागत असतील तर घरटी वर्षाला ६०० युनिट्स झाली, पुन्हा ४८० किलो. सेक्रेटरींकडे कॉमन मीटरचं बिल मागा, तो आकडा तुमच्या २.१ टनांत मिळवावा लागेल.