शिलाईचा नगावरचा दर: दोरा आणि मशीन आधी मोजा

प्रश्न: "व्यापारी एका नगाचा शिलाई दर मागतोय, दोरा आमचाच. छोटं युनिट आहे. दोरा आणि मशीनचा वेळ धरून दर कसा काढायचा?"

'दोरा आमचाच' हे वाचलं आणि राहवलं नाही. याच दोन शब्दांनी आमची पहिली मोठी ऑर्डर बुडवली.

तेव्हा आमच्याकडे दोन साध्या मशीन आणि एक ओव्हरलॉक. 400 लांब टॉप आले, 8 शेडचे, प्रत्येक शेडचे 50. मी नमुना हातात घेतला आणि आधीच्या आखूड टॉपपेक्षा थोडा जास्त दर सांगून मोकळी झाले. एका कोनमध्ये शंभर नग सहज होतील असा अंदाज होता.

नंतर टेप घेऊन मोजलं. साध्या मशीनची टीप एका नगाला 8 मीटर होती. वरचा आणि बॉबिनचा मिळून दोरा टिपेच्या लांबीच्या साधारण तिप्पट लागतो, म्हणजे 24 मीटर. आतून सगळ्या शिवणी ओव्हरलॉक, 6 मीटर. तीन दोऱ्यांचं ओव्हरलॉक लांबीच्या सुमारे 14 पट दोरा खातं, म्हणजे 84 मीटर. झाले 108. टोकं, तुटणं, उसवून परत शिवणं यासाठी 15 टक्के धरले की 124. 5000 मीटरच्या कोनमध्ये जेमतेम 40 नग!

तरी 400 नगांना दहा कोन पुरायला हवे होते. पण ओव्हरलॉकवर एकाच वेळी तीन कोन लागतात आणि दोन मशीनवर एकेक, म्हणजे शेडला पाच. आठ शेडचे 40 कोन घेतले. पाऊण दोरा कपाटात पडून राहिला, कुठल्याही दुसऱ्या मालाला न जुळणारा. शेडची संख्या विचारल्याशिवाय दर सांगूच नका. आता मी व्यापाऱ्याकडून आधीच कबूल करून घेते की ओव्हरलॉकच्या दोन्ही लूपरना एकच फिकट करडा दोरा राहील, फक्त सुईचा दोरा शेडप्रमाणे. शेडचा एकच कोन घ्यायचा आणि त्यातला दोरा रिकाम्या नळ्यांवर भरून मशीनना वाटायचा. तीच ऑर्डर पंधरा-सोळा कोनांत निघते.

वेळेचंही तसंच झालं. घड्याळ लावून एक नग 22 मिनिटांत झाला, म्हणून दोन कारागिरांत दहा दिवसांत देते म्हटलं. लागले तेरा. बंडल सोडणं, बॉबिन भरणं, दोरा तुटणं यात नगामागे 5 मिनिटं जातात, शेड बदलायला 1, अल्टरला 2. खरा नग 30 मिनिटांचा. आठ तासांत एका कारागिराचे 16 नग, आणि दर त्यावरच काढायचा.

मिनिटाची किंमत अशी काढा: पगार (स्वतःचाही), जागा, वीज, सुया, तेल, मिस्त्री आणि मशीनची झीज यांची महिन्याची बेरीज करून तिला कारागिरांच्या कामाच्या मिनिटांनी भागा. पण दिवस 26 धरू नका. व्यापाऱ्याचं कटिंग उशिरा येतं, आमच्याकडे काम खरं 21 दिवस चालतं, आणि एवढ्यानेच मिनिट जवळपास पाव पटीने महाग होतं. या मिनिटाला 30 ने गुणा, 124 मीटर दोऱ्याची किंमत आणि उरणाऱ्या दोऱ्याचा वाटा मिळवा. नफा त्याच्यावर.

माझे मोठे दीर झीज धरू देत नव्हते. "मशीन आपलीच, तिला कसलं भाडं?" प्रत्येक वेळी हेच. मी म्हणायचे, "भावजी, व्यापाऱ्याच्या मालावर ती रोज आठ तास झिजते, ते कोण भरणार?" त्यांना वाटायचं दर वाढला की काम जाईल. एक व्यापारी गेला, हे खरं. पण ओव्हरलॉकचे चाकू बोथट होऊन कपड्याची कड कुरतडायला लागली, लूपर घासले आणि टाके सुटायला लागले, तेव्हा ते बदलायला पैसे नव्हते आणि अल्टरचे 60 नग परत आले. ते साठही आम्ही फुकट उसवून शिवले. झीज धरायलाच हवी, यावर मी आजही ठाम आहे.

एक राहिलं. तुमचे कारागीर नगावर असतील तर त्यांची मजुरी मिनिटाच्या हिशोबातून काढून नगावर वेगळी लावा, नाहीतर ती दोनदा धरली जाईल. आणि माझे आकडे त्या टॉपचे आहेत. जाड कापडाला दोरा जास्त लागतो, कॉलर-कफ आले की वेळ पार बदलतो. म्हणून पहिले दहा नग शिवून, कोन आधी आणि नंतर वजन करून बघा, आणि मगच व्यापाऱ्याला आकडा सांगा.