बॅनरवरची तारीख दिसत का नाही?

गणपती आणि गावोगावच्या यात्रा जवळ आल्या की एकच तक्रार येते: पैसे खर्चून बॅनर लावला, पण लोक वाचत नाहीत. लोक वाचतात. आधी काय वाचायचं हे बॅनर सांगत नाही, एवढंच. या वेळी आलेल्या पत्रांतली निवडक इथे घेतो.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिराचा ६ बाय ३ फुटी फ्लेक्स चौकात लावलाय. सगळं ठळक आणि लाल केलंय, तरी येणारा-जाणारा विचारतो, "शिबिर कधी हाय?" काय चुकलं? (खानापूर)

ठळक अक्षर शेजारच्या बारीक अक्षरामुळेच ठळक दिसतं. तुम्ही शेजारी बारीक काही ठेवलंच नाही. फोटो पाहिला. वर स्वागतोत्सुकांचे चेहरे, त्याखाली मंडळाचं नाव, मग "रक्तदान शिबिर", आणि तारीख खाली कोपऱ्यात, निवेदकाच्या मोबाईल नंबराएवढी. डोळा आधी चेहऱ्यांवर जातो, तिथून नावांवर, आणि तेवढ्यात माणूस चौक ओलांडून गेलेला असतो.

याच मजकुराचे तीन थर करा. पहिला थर फक्त "रक्तदान शिबिर". अक्षराची उंची ८ इंच, सर्वांत जाड वजन, काळा रंग. दुसरा थर "रविवार, २० सप्टेंबर". उंची ४ इंच, वजन जाडच, पण रंग लाल, आणि अख्ख्या फ्लेक्सवर लाल फक्त इथेच. तिसऱ्या थरात वेळ, ठिकाण, मंडळ, संपर्क: २ इंच, साधं वजन, काळा किंवा गडद करडा. साइनबोर्डवाल्यांचा ठोकताळा असा, की इंचभर अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे शीर्षक ऐंशी फुटांवरून ओढून घेईल, तारीख चाळिसांवर कळेल, आणि ज्याला यायचंय तो जवळ येऊन ठिकाण वाचेल.

आकार प्रत्येक थराला निम्मा होतोय हे बघा. ८ नंतर ७ आणि मग ६ असं केलंत तर डोळ्याला तो फरक न वाटता चूक वाटते. वजनाचंही तसंच. मुक्त या फॉन्टमध्ये सात वजनं आहेत, पण मीडियम आणि सेमीबोल्ड शेजारी ठेवून रस्त्यावरून कुणाला वेगळे दिसणार नाहीत. रेग्युलर आणि एक्स्ट्राबोल्ड घ्या, मधली सोडा. आणि शीर्षक मोठं, जाड, वर लालही केलंत, तर तारखेला वेगळं काढायला रंग हातात उरत नाही.

आता माझं खरं दुखणं. तुमच्या फ्लेक्सवरची जाडी खरी नाही. ज्या फॉन्टचा बोल्ड संगणकात नाही, त्याच्या साध्या अक्षराला कोरलड्रॉमध्ये आउटलाइन देऊन फुगवलेलं आहे. रोमन लिपीत हे कसंबसं खपतं. देवनागरीत अक्षराच्या पोटातली जागा मुळात कमी, वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा. "शिबिर" मधला ब नीट बघा: पोटातली तिरकी रेघ फुगून भोक बुजलंय आणि काळा गोळा उरलाय. "सप्टेंबर" मध्ये मात्रा आणि अनुस्वार एकमेकांना चिकटलेत. ओळखायची खूण सोपी आहे. ब, ष, भ यांची पोटं उघडी आहेत का आणि अनुस्वाराचा ठिपका सुटा आहे का, एवढं बघायचं. नसेल, तर ती जाडी नव्हे, सूज. ज्या फॉन्टला बोल्ड वेगळा काढलेला आहे तो वापरायला सांगा. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळतात, "आमच्याकडे नाही" ही सबब ऐकून घेऊ नका. मात्र प्रेसमधलं जुनं काम श्रीलिपीत असेल तर फॉन्ट बदलताच मजकूर विस्कटतो. म्हणून छापण्यापूर्वी त्यांच्या डिझायनरशेजारी बसून अक्षर न अक्षर तपासा.

प्रश्न: शीर्षकाखाली रेघ मारू का? (संकेश्वर)

नको, ती उकाराला कापते.

प्रश्न: आमच्या फलकाची जमीन भगवीच असते. त्यावर लाल अक्षर उठून दिसतं असं सगळे म्हणतात. खरं का? (बेळगाव तालुका)

सगळे म्हणतात, मोजत कुणी नाही. मजकूर आणि जमीन यांच्या उजळपणातला फरक मोजायचं एक प्रमाण वेबसाइटवाले वापरतात. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, बारीक मजकुराला किमान ४.५ हवं, मोठ्याला किमान ३. `#FF9933` हा भगवा घेतला तर त्यावर लाल अक्षर १.९ भरतं, पांढरं २.१, आणि काळं ९.९. म्हणजे भगव्यावर शीर्षक काळं. लाल रंग नजर खेचतो तो जमीन फिकट असेल आणि लाल एकटा असेल तेव्हा. तारीख लालच हवी असेल तर तिच्यामागे पांढरी पट्टी टाका. छापताना भगवा जरा गडद-फिका होतोच, तेव्हा प्रेसमधून त्याच फ्लेक्सच्या तुकड्यावर नमुना काढून घ्या आणि मगच होकार द्या.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. पीपीटीवर पांढऱ्या पानावर पिवळं शीर्षक लॅपटॉपवर छान दिसतं, वर्गात प्रोजेक्टरवर गायब होतं. (निपाणी)

बाई, पांढऱ्यावर पिवळं वरच्या मापात १.०७ भरतं, म्हणजे जवळजवळ शून्य फरक. लॅपटॉपवर रंगछटेमुळे निभावतं. वर्गात खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो आणि उरलासुरला फरकही धुऊन जातो. शीर्षक गडद निळं करा, मुद्दा काळा ठेवा, आणि पिवळा हवाच असेल तर मुद्द्यातल्या एका शब्दामागे पट्टी म्हणून. मग पडद्याचा फोटो मोबाईलवर काढून कृष्णधवल करा. त्यातही शीर्षक आधी दिसलं तर ठीक. मागच्या बाकावरच्या मुलीलाही विचारा, तिचं मत माझ्याहून जास्त कामाचं.

प्रश्न: दुकानाच्या पाटीवर कन्नड मोठं आणि वर घ्यायचं आहे. मराठी नाव दिसेल असं कसं करू? (बेळगाव)

पाटीवर कन्नड ६० टक्के हवं हा कर्नाटकाचा २०२४ चा नियम आहे. मोजमाप कसं धरतात ते रंगवण्याआधी महानगरपालिकेत विचारून घ्या, पेंटरच्या शब्दावर जाऊ नका. उरलेल्या जागेत फक्त दुकानाचं नाव, एका ओळीत, जाड. प्रोप्रायटर, फोन, "आमची कोठेही शाखा नाही" हे सगळं काढा. कन्नड अक्षरं गोल, आपली शिरोरेषेला टांगलेली, त्यामुळे एकाच पॉइंटला दोन्ही सारखी दिसतीलच असं नाही. नजरेने जुळवा.

प्रश्न: प्रेसवाला थ्रीडी अक्षर आणि सावलीचे जादा पैसे सांगतो. द्यावेत का? (चिकोडी)

नाही. सावली अक्षराची कड पुसते, आणि तो पैसे घेतो.

प्रश्न: बॅनर उद्या सकाळी लावायचाय. मजकूर जास्त झालाय, आता काय करता येईल? (खानापूर तालुका)

महिनाभर आधी ठरलेल्या कार्यक्रमाचा मजकूर आदल्या संध्याकाळी का येतो, हे मला कधी कळलेलं नाही. असो. ६ फुटी बॅनर आडव्या ए-फोर कागदावर छापा, तो साधारण सहापट लहान होतो. भिंतीला लावून सात फूट मागे जा. रस्त्यावर चाळीस फुटांवरून जे दिसेल तेच आता दिसतंय. बॅनर न पाहिलेल्या कुणालातरी बोलवा, दोन सेकंद दाखवा, कागद उलटा करा, आणि काय वाचलं ते विचारा. कार्यक्रमाचं नाव आणि तारीख सांगितली नाही, तर शुभेच्छुकांची यादी अर्धी करा. कुणाचं नाव काढायचं ते मात्र अध्यक्षांना विचारून, त्यात मी पडत नाही.