माणसामागे एक चावी, की उपकरणामागे एक?

> आमचा पक्षीनिरीक्षकांचा बारा जणांचा गट आहे, पुण्यातच. क्लबच्या खोलीतल्या स्टोरेजवर घरून फोटो टाकता यावेत म्हणून वायरगार्डचं व्हीपीएन बसवलंय. माणसामागे एक की दिली तर बारात काम भागतं, मग प्रत्येक फोन-लॅपटॉपला वेगळी द्यायची गरज आहे का? सध्या माणसामागे एकीवरच चाललंय. एका सभासदाचा लॅपटॉप मात्र कधी जोडला जातो, कधी नाही. नेटवाले म्हणतात लाइन ठीक आहे.

उपकरणामागे एक. तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि आमचा तीन वर्षांपूर्वीचा मार्च महिना आठवला, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. (मी 'चावी' म्हणणार आहे. 'की द्यावी की न द्यावी' वाचताना माझाच गोंधळ होतो.)

आधीच सांगतो, मी नेटवर्कवाला नाही. भोसरीत टूलरूममध्ये नोकरी झाली, हे सगळं निवृत्तीनंतर शिकलो. सर्व्हर कसा बसवायचा, पोर्ट कसा उघडायचा ते तुम्ही केलेलंच आहे, त्यात शिरत नाही.

आमचा ट्रेकिंगचा क्लब आहे, सदाशिव पेठेत एक खोली. तिथे जुन्या पीसीवर फोटो आणि हिशेब. मी तुमच्यासारखाच विचार केला होता: अकरा सभासद, अकरा चाव्या. खजिनदारकाका कोथरूडला राहतात. त्यांच्या लॅपटॉपवर चावीची फाइल टाकली, तीच फाइल फोनवरही टाकून दिली, आणि फोटो आपोआप चढावेत म्हणून फोनवरचं कनेक्शन कायम चालू ठेवलं. हे सगळं माझ्याच हातांनी. दोन-तीन आठवडे कुणाची तक्रार नव्हती, कारण काकांनी लॅपटॉप उघडलाच नव्हता.

मार्चअखेरीला हिशेब जुळवायला बसले आणि लॅपटॉप जोडला जाईना. कधी जोडला जायचा, कधी तासभर नाही. काकांचं निरीक्षण असं की 'चहा घेऊन आलं की कधीकधी चालतं'. मी हसलो होतो.

मग नेट कंपनीच्या ऑफिसात खेटे सुरू झाले. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काउंटरवरच्या मुलाचं एकच उत्तर: 'मोडेम पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा.' आणि पंचाईत अशी, की तसं केल्यावर एकदा-दोनदा लॅपटॉप खरंच जोडला गेला! त्यामुळे दोष लाइनचाच, अशी माझी पक्की खात्री झाली. चौथ्या खेपेला त्यांनी वरचा प्लॅन गळ्यात मारला, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेऊन. परत मागितले तर 'सिस्टीममध्ये तो ऑप्शन नाही'. लाइन ठीक आहे हे तुमचे लोक निदान तोंडाने सांगतात, आमच्याकडे तपासायलाही कुणी आलं नाही. पण खरं सांगायचं तर दोष लाइनचा नव्हताच. माझा होता.

उलगडा काकांच्या घरी झाला. गप्पा मारता मारता त्यांचा फोन चार्जिंग संपून बंद पडला. थोड्या वेळाने लॅपटॉप आपोआप जोडला गेला. फोन चार्जिंगला लावून चालू केला, की लॅपटॉपचं पुन्हा बंद. तेव्हा कुठे माझं लक्ष लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. तिथे ११:०६ आणि फोनवर ११:१०. वेळ आपोआप जुळवून घ्यायची सोय त्यात कधीतरी बंद झाली होती.

घड्याळाचा काय संबंध, तर असा. वायरगार्डमध्ये उपकरण सर्व्हरशी हातमिळवणी करतं तेव्हा निरोपात आपली वेळ घालून पाठवतं. सर्व्हर प्रत्येक चावीमागे आलेली शेवटची वेळ लक्षात ठेवतो, आणि तिच्यापेक्षा जुनी वेळ असलेला निरोप मुकाट्याने टाकून देतो. कुणी जुना निरोप पकडून पुन्हा पाठवला तर फसू नये म्हणून ही काळजी. सर्व्हरच्या दृष्टीने फोन आणि लॅपटॉप वेगळे नव्हतेच, चावी एकच. फोन दर दोन मिनिटांनी नवी हातमिळवणी करून ११:१०, ११:१२, ११:१४ अशी वेळ नोंदवत होता, आणि लॅपटॉप चार मिनिटं मागून येऊन दार ठोठावत होता. सर्व्हर त्याला भूत समजत होता. फोन चार मिनिटं गप्प बसला, तरच लॅपटॉपची वेळ पुढे जायची. मोडेम पाच मिनिटं बंद ठेवल्यावर नेमकं हेच व्हायचं: तेवढ्या वेळात फोनही सर्व्हरपर्यंत पोचत नसे, आणि लाइन परत आल्यावर लॅपटॉपने आधी नंबर लावला तर तो आत. काकांच्या चहाचंही तेच, तेवढ्यात फोन रेंजबाहेर गेलेला असला तर.

यात लॅपटॉपवर कुठलीही चूक दाखवली जात नाही, नुसतं वाट पाहणं. सर्व्हरही एरवी काही लिहून ठेवत नाही. सर्व्हर लिनक्सवर असेल तर त्याला बोलतं करता येतं:

```
echo 'module wireguard +p' | sudo tee /sys/kernel/debug/dynamic_debug/control
sudo dmesg -w
```

लॅपटॉप धडपडत असताना `Invalid handshake initiation from` अशा ओळी दिसल्या, तर निरोप सर्व्हरपर्यंत पोचतोय आणि नाकारला जातोय. म्हणजे नेटवाल्यांशी भांडण बंद करा.

मी लॅपटॉपचं घड्याळ दुरुस्त केलं आणि विजयी मुद्रेने घरी आलो. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन: 'आता जोडला जातो, पण फाइल चढता चढता अडकते.' दर दोनेक मिनिटांनी पंधरा सेकंद ठप्प, मग पुन्हा सुरू. घड्याळ हा त्रासाचा एक पदर होता, मूळ एकच चावी दोघांकडे असण्यात होतं. सर्व्हर एका चावीमागे एकच पत्ता आणि उत्तर पाठवण्यापुरतं एकच चालू कुलूप ठेवतो. फोनने हातमिळवणी केली की सर्व्हर फोनच्या कुलपात बंद करून उत्तरं पाठवू लागतो. ती लॅपटॉपला उघडत नाहीत. लॅपटॉप पंधरा सेकंद उत्तराची वाट पाहतो, मग स्वतः नवी हातमिळवणी करून ताबा घेतो. दोन मिनिटांनी फोनची पाळी. नळावरचं भांडण.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर सर्व्हरवर हे चालू ठेवा:

```
sudo watch -n 1 wg show wg0 endpoints
```

एकाच चावीपुढचा पत्ता, किंवा दोन्ही उपकरणं एकाच घरात असतील तर निदान पोर्टचा आकडा, मागे-पुढे उड्या मारताना दिसला, तर चावी दोन ठिकाणी वापरात आहे. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलेल्या फोनचाही पत्ता बदलतो, पण तो एकदा बदलून थांबतो, असा झुलत नाही.

आता मांडणी कशी करायची. टूलरूममध्ये आम्हाला पितळी बिल्ले असायचे. सगळ्या बिल्ल्यांवर कामगाराचा एकच नंबर, पण बिल्ले अनेक, आणि प्रत्येक हत्यारामागे एक बिल्ला खुंटीला. माणूस कोण तेही कळायचं आणि त्याच्याकडे काय काय आहे तेही. मी तेच केलं. वायरगार्डच्या आतल्या पत्त्यातला तिसरा आकडा माणसाचा, चौथा उपकरणाचा:

```
# 7 खजिनदार, फोन
[Peer]
PublicKey = <फोनची सार्वजनिक चावी>
AllowedIPs = 10.20.7.1/32

# 7 खजिनदार, लॅपटॉप
[Peer]
PublicKey = <लॅपटॉपची सार्वजनिक चावी>
AllowedIPs = 10.20.7.2/32
```

हिशेबाच्या फोल्डरची परवानगी द्यायची तर फायरवॉलमध्ये 10.20.7.0/24 असा नियम घातला की काकांची सगळी उपकरणं त्यात आली. म्हणजे माणसामागे मोजायच्या गोष्टी माणसामागेच राहतात, फक्त चाव्या वेगळ्या. आमच्या अकरा जणांच्या एकोणीस झाल्या. चावीला पैसे पडत नाहीत, वहीत एक ओळ वाढते. आमची वही कागदाचीच आहे.

वरचा तुकडा कॉपी करून दुसऱ्यासाठी चिकटवताना पत्त्याचा आकडा बदलायला विसरू नका. मी विसरलो होतो. तोच पत्ता दोघांना दिला तर नंतर आलेला तो घेऊन जातो, आणि आधीच्यापुढे `wg show` मध्ये `allowed ips: (none)` असं दिसतं. गंमत म्हणजे त्याची हातमिळवणी व्यवस्थित होत राहते, फक्त आत काही जात नाही.

फोन हरवला तर काय, याचा अनुभव आम्हाला पावसाळ्यात आला. एका ताईंचा फोन बसमध्ये गेला. तोवर चाव्या वेगळ्या झाल्या होत्या, म्हणून `sudo wg set wg0 peer <सार्वजनिक चावी> remove` एवढ्यावर भागलं आणि त्यांचा लॅपटॉप चालूच राहिला. कॉन्फिग फाइलमधूनही त्या फोनचा `[Peer]` तुकडा काढा, नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू झाला की हरवलेला फोन परत आत.

दोन गोष्टी माझ्या मतापुरत्या. एक, सभासदांना तयार क्यूआर पाठवू नका. तो व्हॉट्सॲपवर पडून राहतो आणि घरातलं कुणीतरी दुसऱ्या टॅबवर स्कॅन करतं, म्हणजे पुन्हा तेच. ॲपमध्येच चावी तयार करायला सांगा आणि फक्त सार्वजनिक चावी मागवा. ज्येष्ठ मंडळींच्या बाबतीत यासाठी एकदा त्यांच्या घरी जावं लागतं, पोहे मिळतात. दोन, ज्याच्याकडे खरोखर एकच उपकरण आहे त्याच्यापुढे हा प्रश्नच नाही, पण पत्ता .1 देऊन .2 ची जागा मोकळी ठेवा. माणसं लॅपटॉप घेतात.

ओपनव्हीपीएन या दुसऱ्या व्हीपीएनचं वागणं वेगळं आहे. तिथे त्याच नावाचं दुसरं कनेक्शन आलं की पहिलं तुटतं, आणि `duplicate-cn` लिहिलं तर दोन्ही चालतात. म्हणून 'आमच्याकडे एकाच फाइलवर सगळं चालतं' असं कुणी सांगितलं, तर तो बहुधा ते वापरत असतो. खोटं बोलत नसतो.

तुमच्या त्या सभासदाकडे आज रात्री एवढंच करून बघा. दोन्ही घड्याळं शेजारी धरून फरक वहीत लिहा. मग फोनवरचं वायरगार्ड बंद करून त्या फरकापेक्षा दोन मिनिटं जास्त थांबा, आणि लॅपटॉप जोडा. दुसऱ्या कुठल्या उपकरणावर तीच फाइल नाही ना, तेही विचारा. तरीही जोडला गेला नाही, तर माझं निदान चुकलं. मग लॅपटॉप वायफायऐवजी फोनच्या हॉटस्पॉटवर चालवून काय होतं ते इथे लिहा.