नोकरी सोडल्यावर आई-बाबांचा टॉप-अप चालू राहतो का?

प्रश्न: कंपनीच्या आरोग्य विम्याच्या ग्रुप पॉलिसीत आई-बाबांसाठी टॉप-अप घेतलाय, हप्ता पगारातून कापतात. ऑगस्टअखेर नोकरी सोडतोय. पुढे काय?

उत्तर: हप्ता तुमचा असला तरी पॉलिसी कंपनीच्या नावावर आहे, त्यामुळे तुमचं नाव ग्रुपमधून निघालं की आई-बाबांचंही निघतं. बहुतेक ठिकाणी शेवटचा कामाचा दिवस हाच कव्हरचा शेवटचा दिवस.

पैशांचं समजून घ्या. समजा वर्षाचा प्रीमियम २४,००० आणि एप्रिलपासून महिन्याला २,००० कापले. ऑगस्टपर्यंत १०,००० गेले. क्लेम झाला नसेल तर बऱ्याचदा हिशोब तिथेच थांबतो. क्लेम घेतला असेल तर उरलेले १४,००० शेवटच्या हिशोबातून वळते होऊ शकतात. एचआरला हे ईमेलवर विचारा, तोंडी नको.

खरी काळजी आजारांची. बाबांना मधुमेह असेल आणि नवी पॉलिसी कोरी घेतली, तर आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनामा दिल्यावर लगेच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशनचा अर्ज करा, कव्हर संपायच्या आत. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं जुन्या विमा रकमेपुरती धरली जातात. तपासणी मात्र होऊ शकते, प्रीमियमही वाढेल.

आणि नुसता टॉप-अप हलवू नका. तो मूळ पॉलिसीच्या ३ लाखांच्या वरच सुरू होत असेल, तर मूळ पॉलिसी नसल्यामुळे ते पहिले ३ लाख आता तुमच्या खिशातून जातील.