‘पंचाण्णव टक्के कमी विषारी’ म्हटल्याने केस सुटते का?

प्रश्न : वकील साहेब, नमस्कार. माझा बस स्टँडजवळ पानठेला आहे, सिगारेट-बिडी विकतो. पुतण्या दुबईहून आला तेव्हा त्याने तंबाखू तापवायची तीन यंत्रं आणि त्यात घालायच्या कांड्यांची पाकिटं आणली. मी एक यंत्र ठेल्यावर ठेवलं आणि व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलं, ‘धूर नाही, ९५ टक्के कमी विषारी, एफडीए मान्य’. चार दिवसांनी फौजदार आले, यंत्र आणि दोन पाकिटं जप्त केली, पंचनामा केला आणि ई-सिगारेटची केस म्हणून नोटीस दिली. साहेब, ही ई-सिगारेट नाही, यात खरी तंबाखू आहे. आणि सिगारेटपेक्षा कमी घातक वस्तूवर बंदी कशी? एक यंत्र आणि आठ पाकिटं अजून घरी आहेत. एक यंत्र वडिलांना दिलं, ते बिडी ओढतात. आता काय करू? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, ‘ही ई-सिगारेट नाही’ हे तुमचं म्हणणं शास्त्राच्या हिशेबाने बरोबर आहे, पण कोर्टात त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि ‘९५ टक्के’वाला मुद्दा तर स्वतःहून मांडूच नका. तो तुम्हाला वाचवणार नाही, उलट अडकवेल.

आधी यंत्राबद्दल. सिगारेट-बिडीत तंबाखू पेटते. झुरका मारला की टोकावरचा निखारा ९०० अंशांच्या आसपास जातो, आणि धुरातला डांबर, कार्बन मोनॉक्साइड वगैरे बराचसा माल त्या जळण्यातून तयार होतो. ई-सिगारेटमध्ये तंबाखूचं पान नसतं. ग्लिसरीनसारख्या द्रवात निकोटीन आणि वास मिसळलेला असतो आणि बॅटरीवर तापलेली तार त्याची वाफ करते. तुमचं यंत्र या दोघांच्या मधलं आहे. कांडीत खरी तंबाखू असते, पण तिची भुकटी करून, ग्लिसरीन मिसळून, कागदासारखा पत्रा केलेला असतो. यंत्र तिला पेटू देत नाही, साधारण ३५० अंशांपर्यंत किंवा त्याहून कमी तापवतं आणि त्यातून निघालेला वाफारा माणूस ओढतो. म्हणजे तुमच्या हातात होती ती पूर्ण सिगारेटही नाही आणि पूर्ण ई-सिगारेटही नाही.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात व्याख्या बघा. एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफारा करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, त्यात निकोटीन असो वा नसो, म्हणजे ई-सिगारेट. त्यापुढे ‘न जाळता तापवायची उत्पादनं’ आणि ई-हुक्का यांची नावं घेऊन लिहिलंय, आणि वर ‘कोणत्याही नावाने, कोणत्याही आकारात’ असंही जोडलंय. तंबाखू खरी की द्रव, हा प्रश्न व्याख्येत येतच नाही. त्यामुळे ‘माझ्या यंत्रात द्रव नाही’ हा बचाव पहिल्याच तारखेला गळून पडतो.

एक फट काही जण दाखवतील : यंत्र बंदीत असलं तरी कांडी तर नुसती तंबाखू आहे, तिच्यात ना बॅटरी ना तार, म्हणून पाकिटांची जप्ती चुकीची. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण बंदी ‘पूर्ण वस्तू किंवा तिचा कोणताही भाग’ यांच्यावर आहे आणि त्या कांडीचा यंत्राशिवाय दुसरा उपयोग नाही, असं सरकारी वकील म्हणतील. मला तरी त्या फटीतून तुमची सुटका दिसत नाही.

‘सिगारेट चालते तर हे का नाही’ या तुमच्या रागात तर्क आहे, नाही असं नाही. सिगारेटवर २००३ चा कायदा आहे, तो विक्रीला परवानगी देऊन जाहिरात, अल्पवयीनांना विक्री, शाळेपासूनचं अंतर, पाकिटावरचं चित्र यांवर बंधनं घालतो. २०१९ च्या कायद्याने या यंत्रांना विक्रीचीच दारं बंद केली. संसदेने तसं ठरवलं. धोरण पटो न पटो, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ते बदलू शकत नाहीत.

आता ते ९५ टक्के. तुमच्यासारखे अनेक ठेलेवाले हा आकडा खरा मानून बोलतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हा आकडा येतो तो कंपन्यांच्या प्रयोगशाळेतून. एका बाजूला चाचणीसाठीची ठरावीक सिगारेट, दुसऱ्या बाजूला यंत्र. दोघांना मशीनने झुरके मारायला लावायचं, निवडक रसायनं मोजायची आणि घट किती याची सरासरी काढायची. यात गफलत दोन ठिकाणी होते. पहिली सरासरीत. समजा दहा रसायनं मोजली. नऊ ९९ टक्क्यांनी घटली आणि एक फक्त ५० टक्क्यांनी. सरासरी निघते ९४ टक्के. आता ते एकच जर कॅन्सरला कारण होणारं असेल, तर ९४ या आकड्यातून तुम्हाला काय कळलं? कार्बन मोनॉक्साइड खरोखर खूप घटतो, कारण तो जळण्यातून येतो. पण तंबाखूची खास नायट्रोसामाइन्स ही कॅन्सरला कारण होणारी रसायनं पान सुकवतानाच तयार झालेली असतात. ती जाळण्याची वाट बघत नाहीत, तापवलं तरी वाफाऱ्यात येतात. निकोटीन तर बऱ्यापैकी तेवढंच मिळतं. मिळालं नाही तर माणूस ते यंत्र ओढणारच नाही.

दुसरी गफलत यादीत. आयकॉस नावाचं असंच यंत्र बनवणाऱ्या कंपनीने त्यासाठी ५८ रसायनांची यादी मोजली. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कंपनीचेच आकडे तपासले, तेव्हा यादीबाहेरची ५६ रसायनं सिगारेटच्या धुरापेक्षा त्या यंत्राच्या वाफाऱ्यात जास्त निघाली, त्यातली २२ तर २०० टक्क्यांहून जास्त. त्यांतल्या प्रत्येकाने माणसाचं किती नुकसान होतं हे अजून मोजलेलं नाही. पण ‘९५ टक्के कमी विषारी’ म्हणताना ही रसायनं हिशेबातच धरलेली नव्हती, एवढं नक्की.

आणि समजा आकडा अगदी खरा धरला, तरी विष ९५ टक्के कमी म्हणजे रोग ९५ टक्के कमी असं होत नाही. हृदयाचं गणित तर फारच उलटं आहे. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा निघतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून हे छापून आलं. माल ९५ टक्क्यांनी कमी, धोका मात्र साधारण निम्म्यानेच.

तुमच्या स्टेटसमधला ‘एफडीए मान्य’ हा शब्द तर सरळ खोटा आहे, जाणूनबुजून नसला तरी. अमेरिकेच्या एफडीएने ७ जुलै २०२० ला याच आयकॉस यंत्राबाबत आदेश दिला. सिगारेट पूर्ण सोडून या यंत्रावर आल्यास शरीरात घातक रसायनं कमी जातात, एवढंच म्हणण्याची परवानगी दिली. ‘रोगाचा धोका कमी होतो’ असं म्हणायला परवानगी मागितली होती, ती नाकारली. हे यंत्र सुरक्षित आहे किंवा आम्ही मान्य केलंय असा अर्थ काढू नका, हेही त्यांनीच सांगितलं. आणि आपल्याकडे एफडीए म्हटलं की गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे कोण येतं? सुगंधित तंबाखूचा माल पकडणारे आपले अन्न व औषध प्रशासनाचे साहेब. त्यांनीच पास केलं, असा समज तुमच्या स्टेटसमुळे झाला असणार.

बरं, या कायद्यात जाहिरात हा विक्रीइतकाच गुन्हा आहे, आणि इंटरनेट, सोशल मीडियावरची जाहिरातही त्यात धरली आहे. म्हणजे ‘९५ टक्के कमी विषारी’ हे तुमचं बचावाचं वाक्य सरकारी वकिलाला आयता पुरावा आहे. स्टेटस चोवीस तासांत गेलं म्हणून निश्चिंत राहू नका, कोणीतरी स्क्रीनशॉट काढूनच ठाण्यात दिला असेल. पण फोनमधून आता काही पुसूही नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो.

शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवण्यासाठी जागा जाणूनबुजून वापरू देणं हा वेगळा गुन्हा, त्याला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. पहिला गुन्हा दखलपात्र आहे पण जामीनपात्रही आहे, तेव्हा फरार वगैरे होण्याचं काही कारण नाही. नोटीसमध्ये दिलेल्या तारखेला वकिलाला घेऊन ठाण्यात जा. गेला नाहीत तर अटकेला निमित्त मिळतं.

तुमच्या वकिलाला दोन गोष्टी तपासायला सांगा. जप्ती करणारा अधिकारी उपनिरीक्षक किंवा त्याहून वरचा होता का, आणि झडतीचं चित्रीकरण केलं का. हवालदाराने माल उचलला आणि सही नंतर साहेबांची घेतली, असं झालं असेल तर पंचनाम्याच्या वेळा बघून कळतं. दुसरं, या कायद्याखाली अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही, आणि एक वर्षाच्या शिक्षेच्या गुन्ह्याला दखलीची मुदतही एकच वर्ष आहे. तुमच्या प्रकरणात खरा बचाव असला तर तो या कागदांत सापडेल.

घरातली आठ पाकिटं आणि यंत्र. ती विकू नका, कोणाला फुकट देऊ नका, कारण नमुना म्हणून फुकट देणं हेही ‘वितरण’ धरलं आहे. एसटीने पुतण्याकडे पाठवू नका, वाहतूकही गुन्हा आहे. चुलीत घालू नका. वकिलामार्फत लेखी यादी करून अधिकृत अधिकाऱ्याकडे जमा करा आणि पोच घ्या. अर्जात काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही हे वकिलाला ठरवू द्या. ‘विकायला आणलं होतं’ असं भोळेपणाने लिहून देणारे पक्षकार मी पाहिलेत.

वडिलांकडचं यंत्रही त्याच यादीत घाला. नुसतं ओढण्याला या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, पण तुम्ही ते त्यांना दिलंत, हे तुमच्यावर येऊ शकतं. आणि तुम्ही लिहिलंत की ते बिडीही ओढतात. मग ज्या ‘पूर्ण सोडून’ या अटीवर अमेरिकेतली ती परवानगी उभी आहे, तीच इथे मोडली. त्यांना बिडी सोडवायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे, किंवा जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र आहे का ते विचारा. तिथे निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगमबद्दल माहिती मिळेल. औषध कायद्याखाली परवाना असलेली ती उत्पादनं या बंदीत येत नाहीत.

राहिला पुतण्या. बाहेरून आणणं म्हणजे आयात, मग तो बॅगेत एक नग घेऊन आला तरी. जबाबात माल कुठून आला हे विचारतीलच, आणि तिथे तुमचं आणि त्याचं हित एक राहत नाही. म्हणून दोघांनी एकच वकील करू नका, आणि दिवाळीला येताना ‘काका, अजून चार पाकिटं आणू का’ असा त्याचा मेसेज येण्याआधीच त्याला फोन करा.