फ्लॅटनेसच्या चौकटीत अक्षर नाही, पोझिशनच्या चौकटीत तीन, असं का?

«मी नवीन डिझायनर आहे. कव्हर प्लेटच्या ड्रॉइंगवर खालच्या फेसला फ्लॅटनेस ०.०५ दिलाय, त्या चौकटीत पुढे कुठलंच अक्षर नाही. पण भोकांच्या पोझिशनच्या चौकटीत ०.३ नंतर ए, बी, सी आहेत. ही अक्षरं नेमकं काय कंट्रोल करतात? आणि फ्लॅटनेसलाही ए लिहिलं तर बिघडतं काय?»

फ्लॅटनेससमोर ए लिहिलं तर ते चूकच धरलं जाईल, कारण फ्लॅटनेसमध्ये फेसची तुलना दुसऱ्या कशाशी नसतेच. एकमेकांना समांतर असे दोन आदर्श प्लेन, मधलं अंतर ०.०५, ते हवे तसे तिरके करा, त्या फेसचा प्रत्येक पॉइंट त्या दोघांच्या मध्ये मावला की झालं. तो फेस वरच्या फेसला समांतर आहे का, प्लेट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आहे का, याच्याशी फ्लॅटनेसला काही देणंघेणं नाही. दुसऱ्या फेसशी तुलना हवी असेल तर ते पॅरललिझम, आणि तिथे मात्र अक्षर लागतंच.

आता गंमत अशी की ड्रॉइंग बरोबर असलं तरी तपासताना हाच घोळ होतो. प्लेट सरफेस प्लेटवर उलटी ठेवली, वर आलेल्या फेसवरून डायल फिरवला आणि रीडिंग ०.०८ आलं म्हणून रिजेक्ट. पण हे जे मोजलं ते पॅरललिझम झालं, प्लेट ०.०८ ने पाचरीसारखी असेल आणि फेस स्वतः ०.०२ मध्ये सपाट असेल तरी डायल ०.०८ च दाखवणार. खाली तीन छोटे ॲडजस्टेबल जॅक लावायचे, फेसवरचे लांबलांबचे तीन पॉइंट डायलवर झिरो करायचे आणि मग पूर्ण फेसवर फिरवायचं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी रीडिंगमधला फरक ०.०५ च्या आत आला की पास. जरासा बाहेर गेला तर लगेच फेकू नका, जॅक थोडे हलवून तो फरक अजून कमी येऊ शकतो, तीन पॉइंट कुठले निवडले त्यावर रीडिंग बदलतं.

ए, बी, सी ही डेटमची, म्हणजे मोजमाप जिथून घ्यायचं त्या संदर्भाची अक्षरं. अक्षर फेसला चिकटवलेलं दिसतं पण खरा फेस कधीच आदर्श नसतो, त्यामुळे डेटम ए म्हणजे त्या फेसच्या उंच पॉइंटांना टेकणारा आदर्श प्लेन, सरफेस प्लेट त्याचीच जागा घेते. पोझिशनच्या चौकटीत ए पहिला आहे म्हणजे पार्ट आधी ए वर बसवायचा, निदान तीन पॉइंट टेकले पाहिजेत. मग ए वरचा टेका न सोडता तो बी कडे सरकवायचा, तिथे निदान दोन पॉइंट, आणि शेवटी सी वर एक. इतकं झालं की पार्टला हलायला जागा राहत नाही आणि मोजायला एकच पक्की फ्रेम मिळते.

आता त्या फ्रेममध्ये ०.३ कुठे बसतं ते बघा. ०.३ च्या आधी व्यासाचं चिन्ह आहे ना, म्हणजे ०.३ व्यासाचा एक सिलिंडर, ए ला काटकोनात उभा, आणि बी-सी पासून चौकोनात लिहिलेल्या बेसिक डायमेन्शनवर. भोकाचा ॲक्सिस प्लेटच्या पूर्ण जाडीत त्या सिलिंडरच्या आत राहिला पाहिजे. म्हणजे पोझिशनमध्ये जागा आणि तिरकेपणा दोन्ही आले, भोकाचा साइज मात्र नाही आला, त्याला वेगळा टॉलरन्स असतो.

सीएमएमवर एका भोकाचा फरक एक्समध्ये ०.१२, वायमध्ये ०.०९ आला असं धरा. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की ०.१५, त्याची दुप्पट ०.३०, अगदी काठावर पास. दुसऱ्या भोकाचा दोन्हीकडे ०.१४, म्हणजे तिरपं अंतर जवळजवळ ०.२०, दुप्पट केली की ०.४०, फेल. इथे दुप्पट करायला विसरणारे खूप असतात, ०.२० हे ०.३ पेक्षा कमीच आहे की म्हणून सोडून देतात, पण ०.३ व्यास आहे आणि ०.२० त्रिज्या.

आणि अक्षरांचा क्रम, माझ्या मते जास्त मार इथेच बसतो. प्लेट २० जाड आहे आणि बी वाली बाजू ए ला काटकोनात नाही, २० मध्ये ०.२ झुकलीय असं समजा. भोकं मात्र ए ला बरोबर काटकोनात पाडलीत. ए पहिला असेल तर पार्ट ए वर सपाट बसतो, बी फक्त कडेला टेकतो, भोकाचा तिरकेपणा शून्य मोजला जातो आणि अख्खं ०.३ जागेसाठी मोकळं राहतं. आता कोणीतरी चौकटीत बी, ए, सी लिहिलं. पार्ट बाजूवर चपखल बसला, ए तिरका झाला आणि त्याच्याबरोबर भोकही २० मध्ये ०.२ तिरकं, म्हणजे भोक मध्यावर अगदी बरोबर जागी असलं तरी ०.३ मधले ०.२ तिथेच गेले. पार्ट तोच, भोकं तीच, रिपोर्ट वेगळा. कव्हर असेंब्लीत ए वर दाबून बसतं ना, मग ए पहिला, बी-सी कडांचं काम फक्त जागा ठरवायचं.

यावरून फ्लॅटनेस खालच्या फेसला, म्हणजे ए लाच का दिलाय तेही कळेल. गॅस्केट हे एक कारण आहेच, पण तो फेस मधे फुगलेला असेल तर पार्ट सरफेस प्लेटवर डुगडुगतो, दोन माणसं दोन वेगळ्या प्रकारे टेकवतात आणि त्याच भोकाची पोझिशन दोन वेगवेगळी येते. आकडे दर वेळी बदलायला लागले तर भोकांच्या मागे लागायच्या आधी ए चा फ्लॅटनेस बघा.

०.३ कुठून आलं हे पण विचारून ठेवा. बोल्ट एम ६ आणि कव्हरचं भोक कमीत कमी ६.६ असेल तर मोकळीक ०.६, त्यातली अर्धी कव्हरला आणि अर्धी खालच्या बॉडीच्या टॅप होलला, असा तो हिशोब असणार. म्हणून बॉडीच्या ड्रॉइंगवरही टॅप होलला ०.३ च हवं आणि पहिला डेटम कव्हर जिथे बसतं तो फेस हवा. टॅप जरासा तिरका गेला तर बोल्ट वर येईपर्यंत अजून सरकतो, त्यामुळे तिथे प्रोजेक्टेड टॉलरन्स झोनचं चिन्ह टाकून उंची कव्हरच्या जाडीएवढी, म्हणजे २०, द्यायची.